चढलेले बीपी किती वेगाने उतरवावे?

बीपी खूप वाढले आहे असे कळले की घरातल्या सगळ्यांची एकच घाई सुरू होते. काहीही करा, इंजेक्शन द्या, पण ते लगेच खाली आणा. भाऊ, मुलगा, जावई जो कोणी सोबत आलेला असेल तो मशीनच्या आकड्याकडे बघत उभा राहतो आणि दर दहा मिनिटांनी विचारतो, ‘‘डॉक्टर, अजून एकशेऐंशीच? नॉर्मल कधी होणार?’’ त्यांची काळजी मला समजते. पण रक्तदाबाचा एक प्रकार असा आहे की त्यात उशीर केला तर मूत्रपिंडे जातात आणि घाई केली तर मेंदूला इजा होते. त्या प्रकाराला वैद्यकशास्त्रात मॅलिग्नंट हायपरटेन्शन म्हणतात. मराठीत आपण त्याला घातक रक्तदाब म्हणू. मॅलिग्नंट हा शब्द ऐकून काहींना कॅन्सर आठवतो. त्याचा इथे काही संबंध नाही.

एका रुग्णाची हकिगत सांगतो, म्हणजे विषय सोपा होईल. वय छत्तीस. आडत दुकानात हिशेब लिहिण्याचे काम. महिनाभर डोके दुखत होते, विशेषतः सकाळी उठल्यावर, आणि ते मागच्या बाजूला, मानेच्या वर. मेडिकलमधून गोळी आणायची, खायची आणि कामाला जायचे, असे चालले होते. पुढे वहीतले आकडे पुसट दिसू लागले. तीन आणि आठ यांत गोंधळ होई. चष्म्याच्या दुकानात जाऊन त्यांनी नंबर तपासून घेतला, नवा चष्मा केला, पण फरक पडला नाही. मग कोणीतरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले. त्या डॉक्टरांनी बाहुलीत औषध घालून आत पाहिले आणि चष्म्याबद्दल एक अक्षर न बोलता विचारले, ‘‘तुमचे बीपी शेवटचे कधी मोजले होते?’’ त्याच दिवशी त्यांना माझ्याकडे पाठवण्यात आले. दोन्ही हातांवर, पाच मिनिटे बसवून, दोन दोन वेळा मोजले. 230/140.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नेमके काय पाहिले? आपल्या शरीरात रक्ताच्या नळ्या सगळीकडे आहेत, पण काही न कापता त्या उघड्या बघता येतील अशी जागा एकच, ती म्हणजे दृष्टिपटल, डोळ्याच्या आतला मागचा पडदा. या रुग्णाच्या दोन्ही डोळ्यांत पडद्यावर ज्योतीच्या आकाराचे रक्ताचे डाग होते, कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे ठिपके होते आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तोंड सुजलेले होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी 1939 साली रक्तदाबाच्या रुग्णांचे डोळे पाहून चार पायऱ्या ठरवल्या, त्यातली ही शेवटची पायरी. त्या काळी रक्तदाबावर चालणारे औषधच नव्हते आणि चौथ्या पायरीवरचे पाचांपैकी जवळजवळ चार रुग्ण वर्षाच्या आत दगावत. घातक हे नाव पडले ते यामुळे. आज परिस्थिती फार बदलली आहे, पण ती वेळेवर ओळखले गेले तरच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. साधा उच्च रक्तदाब बहुधा काहीच त्रास देत नाही. डोके दुखले म्हणजे बीपी वाढले आणि दुखत नाही म्हणजे बीपी ठीक, हा समज चुकीचा आहे. पण आकडा फार चढलेला असताना डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत असेल आणि सोबत दोन्ही डोळ्यांनी पुसट दिसत असेल, तर ही जोडी हलक्यात घेऊ नये.

आता मूत्रपिंडांकडे येऊ. या माणसाला लघवीची काही तक्रार नव्हती. सूज नव्हती, जळजळ नव्हती. उलट रात्री जरा जास्तच लघवी होत होती आणि वजन तीन किलोने उतरले होते. पण लघवी तपासली तर प्रथिने तीन प्लस आणि तांबड्या पेशी. रक्तातले क्रिएटिनिन 3.6. धडधाकट पुरुषात ते साधारण 1.2 ते 1.3 च्या आत असते. म्हणजे मूत्रपिंडांचे निम्म्याहून अधिक काम थांबले होते आणि त्याची जाणीव रुग्णाला अजिबात नव्हती.

असे का होते? प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला रक्त पोचवणारी केसापेक्षा बारीक नळी असते. दाब प्रमाणाबाहेर चढला की या नळ्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते. रक्तातील द्रव भिंतीत झिरपतो, भिंत सुजते, काही ठिकाणी मरते, आणि पुढे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरावर थर चढून आतली वाट बुजत जाते. गाळणीला रक्त कमी मिळू लागते. आता मूत्रपिंडाला बाहेर काय चालले आहे ते दिसत नाही. त्याला एवढेच कळते की आपल्याकडे रक्त कमी येते आहे, म्हणजे शरीरातला दाब कमी झाला असावा. म्हणून ते रेनिन नावाचा स्राव रक्तात सोडते. रेनिनचे काम दाब वाढवणे. दाब आणखी चढतो, नळ्या आणखी बिघडतात, मूत्रपिंड आणखी रेनिन सोडते. हे चक्र एकदा फिरू लागले की आपोआप थांबत नाही. साधा रक्तदाब मूत्रपिंडांना पंधरा-वीस वर्षांत जेवढी इजा करतो तेवढी हा काही आठवड्यांत करतो.

मग दाब ताबडतोब नॉर्मलला का आणू नये? याचे उत्तर ज्यांच्याकडे पाटाचे पाणी आहे त्यांना चटकन कळेल. पाटाला पाणी जोरात असते तेव्हा शेतकरी आपल्या चारीचे दार थोडेच उघडे ठेवतो, नाहीतर वाफे फुटतील. महिना दोन महिने पाट भरून वाहिला तर दारे तशीच अरुंद राहतात, त्यांवर गाळ बसतो, ती घट्ट होतात. अशा वेळी एका तासात पाटाचे पाणी निम्म्यावर आणले तर काय होईल? दारे उघडायला वेळच मिळणार नाही आणि पाटाच्या शेपटाकडची शेते कोरडी पडतील. मेंदूच्या, हृदयाच्या आणि मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या याच पद्धतीने वागतात. दाब वाढला की त्या आकसतात आणि आतल्या नाजूक भागाचे रक्षण करतात. बरेच दिवस दाब जास्त राहिला की त्या जाड होतात आणि त्या चढ्या दाबालाच नेहमीचा मानू लागतात. 120/80 हा दाब तुम्हाआम्हाला ठीक, पण 230/140 ची सवय झालेल्या मेंदूला तो एकदम मिळाला तर रक्त पुरत नाही. चक्कर, बेशुद्धी, अर्धांगवायू, कायमची दृष्टी जाणे, हृदयविकाराचा झटका, लघवी बंद पडणे, हे सगळे मशीनवर सुंदर आकडा दिसत असताना होऊ शकते.

हे घडलेले मी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध बाईंना दुसरीकडे निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली दिली होती. 220 चा दाब अर्ध्या तासात 110 वर आला, नातेवाईक खूश झाले, आणि माझ्याकडे आणेपर्यंत बाईंचा उजवा हात उचलत नव्हता. ही पद्धत एके काळी सगळीकडे होती. औषध जिभेखालून फारसे शोषलेच जात नाही, गिळले गेल्यावर पोटातून झपाट्याने रक्तात जाते आणि दाब किती कोसळेल याचा अंदाज कोणालाच येत नाही. 1996 साली अमेरिकेतल्या जामा या वैद्यकीय नियतकालिकात अशा दुष्परिणामांची हकिगत मांडून ही पद्धत थांबवावी असे तज्ज्ञांनी लिहिले. तरीही ‘‘जिभेखाली ठेवायची गोळी द्या’’ असा आग्रह धरणारे नातेवाईक मला अजून भेटतात. (निफेडिपिनच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या वेगळ्या. त्या कोणाला रोजच्या चालू असतील तर हे वाचून बंद करू नयेत.)

तर मग वेग किती? आमचा हिशेब असा. खालच्या आकड्यात दोन्ही आकड्यांमधल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवायचा, म्हणजे सरासरी दाब मिळतो. या रुग्णाचा फरक 90, त्याचा तिसरा हिस्सा 30, तो 140 मध्ये मिळवला की 170. पहिल्या काही तासांत हा सरासरी दाब पाचवा ते चौथा हिस्सा कमी करायचा, त्याहून जास्त नाही. 170 मधून चौथा हिस्सा गेला की उरतात साधारण 128. रोजच्या भाषेत 175/105. म्हणजे पहिल्या दिवशीचे आमचे ध्येय 120/80 नव्हतेच. 175 ते 180 वर येऊन थांबायचे होते. त्यानंतर एक-दोन दिवसांत 160/100 च्या आसपास, आणि तिथून 130/80 पर्यंतचा प्रवास घरी, गोळ्यांवर, काही आठवड्यांत.

रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवले. शुद्ध व्यवस्थित, हातपाय व्यवस्थित, छातीत दुखत नव्हते, दम लागत नव्हता. दमा नव्हता आणि नाडीही मंद नव्हती, म्हणून लॅबेटॅलॉल हे औषध निवडले. आधी 20 मिलिग्रॅम शिरेतून दोन मिनिटांत सावकाश, नंतर सलाईनमधून थेंब मोजून. शिरेतून देण्याचा फायदा असा की दाब जास्त उतरतो आहे असे दिसले तर थेंब कमी करता येतात. गिळलेली कॅप्सूल परत काढता येत नाही. पहिल्या तासाअखेर 205/125. सहा तासांनी 180/108. तिथे आम्ही थेंब स्थिर केले.

रात्री थोरले भाऊ माझ्या खोलीत आले. आवाजात राग होता. ‘‘डॉक्टरसाहेब, सहा तास झाले, अजून एकशेऐंशी. औषध लागू पडत नसेल तर मोठ्या शहरात नेतो.’’ मी त्यांना पाटाच्या दारांचेच उदाहरण दिले. ते स्वतः शेतकरी. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे तुम्ही मुद्दाम थांबलात?’’ होय, मुद्दाम थांबलो होतो. रात्रभर सिस्टरांना सूचना एवढीच होती की दाब 200 च्या वर गेला किंवा 165 च्या खाली आला तर मला उठवायचे.

लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांविषयीही भाऊंनी विचारले होते, कारण त्यांच्या आईला त्या चालू होत्या. घातक रक्तदाबात पुष्कळदा शरीरातले मीठ आणि पाणी लघवीवाटे आधीच निघून गेलेले असते. या रुग्णाचे तीन किलो वजन त्यातच गेले होते. अशा कोरड्या झालेल्या शरीरातून आणखी पाणी काढले तर रेनिन अधिकच चढते. म्हणून फुप्फुसांत पाणी भरलेले नसेल किंवा अंगावर सूज नसेल तर पहिल्या दिवशी आम्ही त्या गोळ्या टाळतो.

दुसऱ्या दिवशी लॅबेटॅलॉल आणि अॅम्लोडिपिन यांच्या गोळ्या तोंडाने सुरू केल्या आणि सलाईन हळूहळू बंद केले. 48 तासांनी दाब 165/100. डोकेदुखी जवळजवळ गेली. आणि नेमके तेव्हाच तिसऱ्या दिवसाचा रिपोर्ट आला: क्रिएटिनिन 3.6 वरून 4.3.

या ठिकाणी पुष्कळ उपचार भरकटतात. दाब कमी केला तर मूत्रपिंड बिघडले, म्हणजे औषधच वाईट, असा निष्कर्ष निघतो. गोळ्या कमी केल्या जातात, कधी घरचेच बंद करतात. खरे कारण वेगळे आहे. सुजलेल्या, अरुंद नळ्यांमधून गाळणीपर्यंत रक्त ढकलायला जो जादा दाब होता तो आपण काढून घेतला, म्हणून गाळण्याचे काम काही दिवस मंदावते. भिंतींची सूज उतरायला आठवडे लागतात. तोवर क्रिएटिनिन थोडे वर जाणे अपेक्षितच आहे. मात्र ते रोज पाहावे लागते, पोटॅशियम पाहावे लागते, लघवी मोजावी लागते. लघवी फार कमी झाली, पोटॅशियम चढले, दम लागू लागला तर काही दिवस डायलिसिसही करावे लागते. तेवढ्यासाठी दाब पुन्हा चढू द्यायचा नाही. डायलिसिसवर गेलेल्यांपैकी काहींची मूत्रपिंडे दोन-चार महिन्यांनी पुन्हा काम करू लागतात, पण ती दाब ताब्यात राहिला तरच. सगळ्यांची करत नाहीत, हेही खरे.

या रुग्णाची सोनोग्राफी आशादायक होती. मूत्रपिंडांचा आकार नेहमीएवढा होता. ती आक्रसून लहान झालेली असती तर इजा जुनी आणि कायमची, असे समजावे लागले असते. मूत्रपिंडाच्या धमनीत अडथळा आहे का हेही पाहिले, कारण छत्तीस हे वय अशा रक्तदाबाला लहान आहे आणि लहान वयात मागे काही कारण लपलेले असते. धमनी मोकळी होती. पण खोदून विचारल्यावर दोन गोष्टी कळल्या. दोन वर्षांपूर्वी एका तपासणी शिबिरात त्यांचे बीपी 170/110 निघाले होते. चार महिने गोळ्या घेतल्या, बरे वाटले, सोडल्या. आणि गेला महिनाभर मेडिकलमधून आणलेल्या ज्या गोळ्या ते डोकेदुखीवर दिवसातून दोन-तीन वेळा खात होते त्या डायक्लोफिनॅकच्या होत्या. ही वेदनाशामके दाब वाढवतात आणि आधीच अडचणीत असलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. बीपीमुळे डोके दुखायचे आणि डोक्यावरची गोळी बीपी वाढवायची.

आठव्या दिवशी ते घरी गेले तेव्हा दाब 150/94 आणि क्रिएटिनिन 4.0 होते. निघण्याआधी रॅमिप्रिलची लहान मात्रा सुरू केली होती. हे औषध रेनिनच्या त्या चक्रावरच घाव घालते, म्हणून या आजारात फार उपयोगी, पण सुरुवातीला त्यानेही दाब एकदम कोसळू शकतो आणि पोटॅशियम चढू शकते. म्हणून आठवड्याआठवड्याला रक्त तपासत मात्रा वाढवली. सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन 2.6, सहा महिन्यांनी 1.8. नजर साफ व्हायला दोन महिने लागले. तोवर दुकानातली वही धाकट्या सहकाऱ्याने लिहिली आणि नवा चष्मा वाया गेला तो गेलाच.

सावकाशीचा हा नियम सर्वांना लागू नाही. छातीपासून पाठीत फाडल्यासारखी कळ येऊन महाधमनी चिरत असेल तर दाब काही मिनिटांत उतरवावा लागतो. फुप्फुसांत पाणी भरून माणूस गुदमरत असेल किंवा गरोदर बाईला झटके येत असतील तरीही थांबून चालत नाही. उलट मेंदूत गुठळी होऊन अर्धांगवायू झाला असेल तर सुरुवातीला बराच चढा दाबही तसाच राहू देतात. हे ओळखणे रुग्णालयाचे काम आहे, आणि म्हणूनच घरी किंवा मेडिकलच्या काउंटरवर उपचार करू नयेत.

याच्या दुसऱ्या टोकाची माणसे संख्येने कितीतरी जास्त आहेत. सहज मोजले आणि 180/110 निघाले. डोके दुखत नाही, नजर ठीक, दम नाही, लघवीत प्रथिने नाहीत, क्रिएटिनिन ठीक, डोळ्याचा पडदा स्वच्छ. अशा माणसाला इंजेक्शन किंवा सलाईन लागत नाही. शांत बसवून, दंडाच्या मापाचा पट्टा लावून पुन्हा मोजावे, गोळ्या सुरू कराव्यात किंवा सोडलेल्या परत घ्याव्यात, आणि काही दिवसांनी पुन्हा दाखवावे. दाब आठवडाभरात उतरला तरी चालतो. लघवीची साधी तपासणी, रक्तातले क्रिएटिनिन आणि बाहुलीत औषध घालून डोळ्याच्या पडद्याची तपासणी, या तीन गोष्टींनी या दोन प्रकारांतला फरक एका दिवसात कळतो आणि त्या तालुक्याच्या ठिकाणीही होतात. अशा रुग्णाला घेऊन जाताना सोबत तीन गोष्टी न्याव्यात: चालू असलेल्या आणि सोडलेल्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटे, दुखण्यावर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाने, आणि क्रिएटिनिनचा एखादा जुना रिपोर्ट घरात असेल तर तो. मूत्रपिंड कालपरवा बिघडले की वर्षांपूर्वी, याचा सगळ्यात जलद पुरावा त्या जुन्या कागदावर असतो.